मित्राच्या लग्नात 'दोन शब्द' बोलायचेत, मसुदा बघून सांगा (वेंगुर्ला, पुढच्या शनिवारी)

भरतीओहोटी

मंडळी, जरा घाईत आहे. जिवलग मित्राचं लग्न आहे, त्याला इथे बंड्या म्हणतो. लग्न वेंगुर्ल्याजवळ त्यांच्या घरच्या खळ्यातच, सकाळी विधी आणि संध्याकाळी तिथेच रिसेप्शन. नवरी अकोल्याची, त्यामुळे तीनशेपैकी अर्धी माणसं तिकडची. संध्याकाळी मी टोस्ट करायचा असं बंड्यानेच ठरवलंय. मी आयटीत आहे, मीटिंगमध्ये बोलतो, पण मराठीत माईक हातात घेऊन शेवटचं बोललो ते शाळेत, टिळक पुण्यतिथीला. खालचं लिहिलंय. घरी मोठ्याने वाचून बघितलं तर बायको म्हणाली, 'निरोप समारंभ आहे की काय कुणाचा?' चुका नाहीत, तरी काहीतरी चुकतंय. काय ते सांगा.

"सन्माननीय व्यासपीठ, उपस्थित मान्यवर आणि मित्रमैत्रिणींनो, आज या मंगलप्रसंगी माझ्या जिवलग मित्राविषयी दोन शब्द व्यक्त करण्याची संधी मला दिली गेली, याबद्दल मी दोन्ही कुटुंबांचे मनःपूर्वक आभार व्यक्त करू इच्छितो. बंड्या आणि मी गेली पंचवीस वर्षे एकमेकांना ओळखत असून या प्रदीर्घ प्रवासात आम्ही अनेक चढउतार पाहिले आहेत. माझ्या आयुष्यातील अत्यंत कठीण प्रसंगी त्याने मला मोलाचा मानसिक आधार दिला, जो मी कधीही विसरू शकणार नाही. तो एक अत्यंत प्रेमळ, प्रामाणिक आणि मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व आहे. वहिनींसारखी सुशील जोडीदार त्याला लाभली ही आम्हा सर्व मित्रांसाठी आनंदाची बाब आहे. आम्ही सर्व मित्र त्या दोघांना पुढील वाटचालीसाठी हार्दिक शुभेच्छा देऊ इच्छितो."

तिसरी_घंटा

रिसेप्शनला टोस्ट कशाला ठेवताय? संध्याकाळच्या दमट हवेत दहा मिनिटांत मऊ पडतात. कोथिंबीर वडी ठेवा, नाहीतर सरळ भजी.

भरतीओहोटी

😄 चहाबरोबरचा टोस्ट नाही हो. ग्लास उंचावून बोलायचं असतं तो.

तिसरी_घंटा

अच्छा. मग चालू द्या. भजीचा विचार तरी करा.

पाटी_पेन्सिल

सोपं आहे. तुमची भाषा पुस्तकी आहे. बोलताना आपण 'ए' म्हणत नाही, 'अं' म्हणतो. केले नाही, केलं. वर्षे नाही, वर्षं. फाइलमध्ये सगळीकडे 'ए' शोधा आणि अनुस्वार टाका. 'व'चं 'आणि' करा, 'परंतु'चं 'पण'. झालं बोलीभाषेत.

कानसेन

पाटी_पेन्सिल, अर्धं बरोबर आहे तुमचं, पण सगळीकडे टाकलं तर हा मुलगा मांडवात उभा राहून 'बंड्याचे बाबा आलं आणि माझ्याशी बोललं' म्हणेल. अकोल्याची मंडळी बघतच राहतील.

अनुस्वार नपुंसकलिंगी एकवचनाला. घर बांधलं, काम झालं, त्यानं सांगितलं. पुल्लिंगी अनेकवचनाचा 'ए' बोलतानाही 'ए'च राहतो. मित्र आले, पैसे संपले. आणि मान देतो तेव्हा आपण अनेकवचनच वापरतो, म्हणून काका आले, काकू म्हणाल्या. वर्षं, मुलं, झाडं ही नपुंसकलिंगी अनेकवचनं, त्यांना अनुस्वार येतो. यंत्राला लिंग कळत नाही, कानाला कळतं. त्यामुळे शोधा-बदला नको. एकेक वाक्य तोंडाने म्हणायचं आणि तोंड जे म्हणेल ते कागदावर लिहायचं. कागदावर 'झाले' असेल तर ऐन वेळी डोळे 'झाले'च वाचतात आणि आवाज बातम्यांचा होतो. मी बरीच वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होते. हे आम्हाला पहिल्या आठवड्यात शिकवायचे.

पाटी_पेन्सिल

बरं, पण मग 'त्याने' की 'त्यानं'? तुम्ही स्वतः वर 'त्यानं' लिहिलंत. मुंबईत कुणी 'त्यानं' म्हणत नाही.

कानसेन

मी साताऱ्याची, लग्नानंतर कोकणात आले. माझं 'त्यानं' अजून गेलेलं नाही. भरतीओहोटी, तू घरी काय म्हणतोस तेच ठेव. माझं ऐकून बदललंस तर दुसऱ्या वाक्यालाच विसरशील.

पण खरी अडचण अनुस्वाराची नाहीच. तुझ्या मसुद्यातलं एक वाक्य घेऊ. 'अत्यंत कठीण प्रसंगी त्याने मला मोलाचा मानसिक आधार दिला.' केलं काय त्यानं? कुठे, कधी, हातात काय होतं त्याच्या? इथे लिही. भाषण म्हणून लिहू नकोस, मला सांगतोयस असं लिही.

सॅमवेदी

आमच्याकडे वसईला ख्रिस्ती लग्नात टोस्ट नेहमीचाच. एक गोष्ट अनुभवाने सांगतो. ज्यांच्यापुढे तुम्ही बोलता ते सगळे ग्लास हातात घेऊन उभे असतात. दोन-तीन मिनिटांनी हात भरून येतो आणि लोक ग्लासाकडे बघायला लागतात. माझ्या मावसभावाच्या लग्नात मीच बोललो होतो. हॉस्टेलचे किस्से काढले, त्याच्या जुन्या मैत्रिणीचा विषय निघाला, म्हणजे मीच काढला. नवरीकडच्या टेबलांवर एकदम शांतता. त्या भावाने मला दोन वर्षं नाताळला बोलावलं नाही. दुसरं, शेवटचं वाक्य असं पाहिजे की सगळ्यांना कळलं पाहिजे, आता ग्लास वर करायचा. नाहीतर अर्धे पितात आणि अर्धे वाट बघतात.

भरतीओहोटी

कानसेनताई, लिहितो. हसू नका.

२०११. बारावीचा निकाल. बंड्या पास, मी गणितात उडालो. घरी गेलोच नाही, बंदरावर धक्क्याला जाऊन बसलो. संध्याकाळी हा तिथे आला. कसं कळलं माहीत नाही. हातात दोन वडापाव. शेजारी बसला, एक माझ्यापुढे धरला. मी नको म्हटलं. त्याने परत विचारलं नाही, दोन्ही खाल्ले साल्याने. मग कागदाचा बोळा करून खिशात टाकला आणि म्हणाला, 'फाल्या फारम भरूक जावया.' ऑक्टोबरच्या परीक्षेचा फॉर्म. मग जूनपासून रोज संध्याकाळी सातला आमच्या पडवीत. पाऊस धो धो, लाईट गेलेली, हा कंदिलाजवळ इंटिग्रेशन शिकवतोय. तो स्वतः पास झालेला. एकदा काकूंनी, म्हणजे त्याच्या आईने विचारलं, अरे तुझी परीक्षा झाली ना? तर म्हणाला, माझी झाली, आमची राहिलीय.

सुटलो मी ऑक्टोबरला. पस्तीसला.

कानसेन

हेच बोल. बाकी सगळं फेक.

मीठभाकर

मी सहसा नुसती वाचून जाते, पण 'माझी झाली, आमची राहिलीय' वाचून थांबले.

पाटी_पेन्सिल

पण मग भाषण मित्राबद्दल न होता तुमच्याबद्दलच होईल. नापास कोण झालं, तुम्ही. रडत कोण बसलं, तुम्ही. लग्न त्याचं आहे.

कानसेन

हा मुद्दा मात्र पूर्ण बरोबर. त्यावर उपाय असा की, वाक्याचा कर्ता बघायचा. 'मी गणितात उडालो' हे एक वाक्य तुझं. तिथून पुढे प्रत्येक वाक्यात करणारा तो. हा आला, बसला, खाल्ले, म्हणाला. तुला काय वाटलं ते सांगायचंच नाही. किती वाईट वाटत होतं, जीव नकोसा झाला होता, असलं काही आलं की लोक तुझी कीव करायला लागतात आणि तो बाजूला पडतो. पस्तीसचं तू चवीनं सांगशील, तरी ते काढ.

आणि गोष्टीत 'त्याने' म्हणण्यापेक्षा 'हा' म्हण. 'संध्याकाळी हा आला.' तो तिथेच बसलेला असणार, समोर. 'तो' म्हटलं की माणूस लांब जातो, 'हा' म्हटलं की बोट आपोआप त्याच्याकडे वळतं. आपण घरी असंच बोलतो. कागदावर मात्र सगळे 'तो' लिहितात.

खाडीकाठचा

मालवणी वाक्य ठेवताय ते छान. पण अकोलेवाल्यांना 'फाल्या' कळणार नाही. आमच्या वहिनी लातूरच्या, पहिलं वर्षभर 'फाल्या' म्हणजे कुणाचं तरी नाव समजत होत्या.

भरतीओहोटी

मग अर्थ सांगू का लगेच? 'म्हणजे उद्या फॉर्म भरायला जाऊया' असं?

कानसेन

नको. अर्थ सांगितलास की ते वाक्य मेलं. तुझ्या उत्तरात अर्थ येऊ दे. तो म्हणाला, 'फाल्या फारम भरूक जावया.' तू म्हटलंस, 'उद्या? कसला फॉर्म?' तो म्हणाला, 'ऑक्टोबरचो.' संपलं. अकोल्याला सगळं कळलं आणि वेंगुर्ल्याला समजावून सांगितल्यासारखं वाटलं नाही.

'माझी झाली, आमची राहिलीय' हे मात्र मालवणीत म्हणालेला असला तरी प्रमाण मराठीत सांग. ते वाक्य तीनशेच्या तीनशे माणसांना त्याच क्षणी कळायला हवं. तिथे कुणी शेजाऱ्याला अर्थ विचारत बसला की गेलं.

एक तांत्रिक गोष्ट. 'फाल्या फारम भरूक' यात फ, फ, भ एका ओळीत आलेत. माईक सरळ तोंडासमोर धरलास तर स्पीकरमधून तीन फटाके येतील. माईक हनुवटीच्या खाली, थोडा एका बाजूला धर आणि त्याच्या वरून बोल. उघड्या खळ्यात संध्याकाळचा वारा असतोच, त्याच्याकडे पाठ करून उभा राहा.

नाखवा_०७

फाल्या, फारम, मेल्या... आमच्या मालवणीला माईकवर बंदी आणा आता 😂

बाय द वे, बंड्याला तू 'मेल्या' म्हणतोस ना नेहमी? ते नको घालू. आपल्याकडे ते लाडाचं. विदर्भातल्या माणसाला लग्नाच्या मांडवात नवरदेवाला कुणी 'मेल्या' म्हणालं तर चटका बसेल. माझ्या बहिणीच्या लग्नात अस्संच झालेलं.

भरतीओहोटी

अरे बाप रे. नवीन लिहितोय त्यात दोनदा होतं ते. काढलं.

मीठभाकर

एक विचारू? शेवटी तुम्ही 'आम्ही सर्व मित्र त्या दोघांना' लिहिलंय. ते मला वाचताना कसंसंच झालं, का ते सांगता येत नाही. मी स्वतः लग्न होऊन देवगडला आले तेव्हा नवऱ्याचे मित्र सतत 'आम्ही' म्हणायचे. आम्ही कॉलेजात असं करायचो, आम्ही तिकडे जायचो. वाईट हेतू काहीच नव्हता. पण मी आपली ताटाकडे बघत बसायचे.

कानसेन

मीठभाकर, तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंत.

आपल्या भाषेत 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन वेगळे शब्द आहेत. हिंदीत दोन्हीला 'हम'. 'आम्ही'मध्ये ऐकणारा नसतो, 'आपण'मध्ये असतो. 'आम्ही जेवायला चाललोय' आणि 'आपण जेवायला चाललोय' यातल्या पहिल्याला तुम्ही फक्त 'बरं' म्हणता, दुसऱ्याला चपला घालता. मित्राच्या भाषणात पंचवीस वर्षांचा सगळा भूतकाळ 'आम्ही'चाच असतो, त्याला इलाज नाही, कारण नवरी तेव्हा नव्हती. पण समोर बसून ती दर वाक्याला 'तू नाहीस, तू नाहीस' हेच ऐकते.

म्हणून 'आम्ही'चा 'आपण' कुठे होतो ती जागा ठरवून ठेवायची. एकदाच करायचा, शेवटाजवळ, आणि तिच्याकडे बघून. या भाषणाला तर बंड्यानेच दार उघडून ठेवलंय. 'माझी झाली, आमची राहिलीय.' माझीची आमची त्यानं केली. आता आमचीची आपली तू कर.

भरतीओहोटी

ताई, अंगावर काटा आला. पण तिच्याकडे बघून बोलायचं तर तू म्हणू की तुम्ही? फोनवर ती मला 'अरे' म्हणते, मी 'अगं' म्हणतो. आमच्याएवढीच आहे. पण तिचे आजोबा, काका सगळे पहिल्या रांगेत असणार.

नाखवा_०७

तुम्ही. डोळे झाकून तुम्ही. वहिनी आहे.

मीठभाकर

मला कुणी 'तुम्ही' म्हटलं असतं तर आणखी लांब वाटलं असतं. जी रोज 'अगं' ऐकते तिला माईकवर एकदम 'तुम्ही'?

खाडीकाठचा

तिच्या आजोबांना काय वाटेल तो विचार करा. 'वहिनी, तू' हे कानाला कसं लागतं?

कानसेन

यावर तुमचं एकमत होणार नाही आणि व्हायची गरजही नाही. मराठीत एक पळवाट आहे, तिथून जा. 'वहिनी, नको म्हणायचं नाही.' यात तू पण नाही आणि तुम्ही पण नाही. करायचं, म्हणायचं, जायचं. मोठ्यांना हुकूम वाटत नाही आणि तिला परकं वाटत नाही. दोन-तीन वाक्यंच बोलायचीत तिच्याशी, तेवढी या रूपात सहज निघतात. जास्त लांबवलंस तर मात्र पाककृती सांगितल्यासारखं होईल.

पाटी_पेन्सिल

'तो एक मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व आहे' याबद्दल कुणीच बोललं नाही. व्यक्तिमत्त्व नपुंसकलिंगी आहे आणि ते माणसाला असतं. माणूस व्यक्तिमत्त्व नसतो. हे इंग्रजीतून आलंय. 'शुभेच्छा देऊ इच्छितो' पण तसंच. इच्छा आहे तर द्या की.

कानसेन

शंभर टक्के. 'संधी दिली गेली' पण त्याच घरचं. बंड्यानं सांगितलं बोल म्हणून, म्हणून बोलतोयस.

कोळथरकर

उशिरा आलो. माझं मत वेगळं आहे. हे टोस्ट वगैरे आपलं नाही. आपल्याकडे लग्नात घरातलं कुणीतरी मंगलाष्टक रचून म्हणायचं. शार्दूलविक्रीडितात, ओळीला एकोणीस अक्षरं, दोघांची नावं, आईवडिलांची नावं गुंफून. ते करा. नाहीतर उखाणा घ्या.

नाखवा_०७

मित्राने उखाणा कुणाचा घ्यायचा, काका? नवरदेवाचा? 😂

कोळथरकर

उखाण्याचं मागे घेतो. मंगलाष्टकाचं नाही.

कानसेन

मंगलाष्टक सुंदरच, पण ते सकाळी, अंतरपाट धरलेला असताना. आणि चार दिवसांत वृत्त सांभाळायचं म्हणजे 'सुमंगल', 'सुखद', 'सदैव' असली भरीची अक्षरं टाकावी लागतात. वडापाव शार्दूलविक्रीडितात बसवणं मला तरी जमणार नाही.

खाडीकाठचा

त्यापेक्षा शेवटी गाऱ्हाणं घाला. सॅमवेदी म्हणाले ना, शेवटचं वाक्य असं पाहिजे की सगळ्यांना कळावं. आपल्याकडे ते आधीपासून आहे. 'बा देवा म्हाराजा, ह्या दोघांचो संसार सुखाचो कर रे म्हाराजा' म्हटलं की अख्खा मांडव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. कुणाला सांगावं लागत नाही. चिअर्सपेक्षा शंभर पटीने भारी.

कानसेन

यात अजून एक सोय आहे. बरोबरीच्या मित्राने नवराबायकोला आशीर्वाद द्यायचा नसतो, तो मोठ्यांचा मान. 'माझे तुम्हाला आशीर्वाद' असं एका मित्राच्या तोंडून मी ऐकलंय, मागे आजी खुदकन हसल्या होत्या. गाऱ्हाण्यात तू आशीर्वाद देतच नाहीस, सगळ्यांच्या वतीनं देवाकडे मागतोस. त्यामुळे वयाचा प्रश्न येत नाही.

कोळथरकर

मी याच्या विरोधात आहे. गाऱ्हाणं म्हणजे करमणूक नव्हे. आमच्या गावात ते कुणी घालायचं ते ठरलेलं आहे, मानकरी किंवा गुरव. हल्ली स्टेजवर विनोदी गाऱ्हाणी घालतात, टाळ्या घेतात. हातात सोलकढीचा ग्लास धरून गाऱ्हाणं? बघा बुवा.

खाडीकाठचा

घरच्या कार्यात घरचा मोठा माणूस घालतोच की. मानकरी देवळात.

कोळथरकर

घरचा मोठा. मित्र नव्हे. ते पण बत्तीस वर्षांचा.

भरतीओहोटी

बंड्याच्या काकांना फोन केला. ते म्हणाले सकाळी आम्ही घालणारच आहोत, तू संध्याकाळी परत कशाला. म्हणजे माझ्यापुरतं मिटलं.

हा नवीन मसुदा. मोबाईलवर वेळ लावून वाचला, थांबे धरून दोन मिनिटांच्या आत बसतो. आडवी रेघ म्हणजे थांबायचं.

"नमस्कार मंडळी. बंड्या म्हणाला बोल, म्हणून उभा आहे.

बंड्या आणि मी पहिलीपासून एका बाकावर. बारावीला तो पास झाला आणि मी गणितात उडालो.

निकालाच्या दिवशी मी घरी गेलोच नाही, धक्क्यावर जाऊन बसलो. संध्याकाळी हा आला. हातात दोन वडापाव. शेजारी बसला, एक माझ्यापुढे धरला. मी नको म्हटलं. ह्याने परत विचारलं नाही. — दोन्ही खाल्ले.

कागदाचा बोळा केला, खिशात टाकला आणि म्हणाला, 'फाल्या फारम भरूक जावया.' मी म्हटलं, उद्या? कसला फॉर्म? म्हणाला, 'ऑक्टोबरचो.'

मग जूनपासून ऑक्टोबरपर्यंत रोज संध्याकाळी सात वाजता हा आमच्या पडवीत. पाऊस असो, लाईट नसो. एकदा काकूंनी विचारलं, अरे, तुझी परीक्षा झाली ना? तर म्हणाला, — माझी झाली, आमची राहिलीय.

वहिनी, एक आतली गोष्ट सांगतो. हा समोर काही घेऊन आला की नको म्हणायचं नाही. हा दुसऱ्यांदा विचारत नाही. — पण उठून जातही नाही.

इतकी वर्षं आम्ही दोघं होतो. आजपासून आपण तिघं. बंड्या, आता वडापाव तीन आण.

मंडळी, ग्लास उचला. बंड्या आणि वहिनींसाठी!"

कानसेन

छान झालंय. दोनच गोष्टी. 'दोन्ही खाल्ले'च्या आधी थांब, नंतर पण थांब. लोक हसतील. हसू ओसरायच्या आत 'कागदाचा बोळा' सुरू केलास तर पुढचं मालवणी वाक्य हशात बुडेल, आणि सगळी गोष्ट त्या वाक्यावर उभी आहे. मनात तीन मोज, मग बोल. दुसरं, शेवटच्या ओळीत 'वहिनींसाठी' नको. त्या तुझ्या वहिनी, अकोल्याच्या दीडशे माणसांच्या नव्हेत. तिथे तिचं नाव घे, आणि बंड्याचंही खरं नाव.

सॅमवेदी

हो, नावं. आणि 'ग्लास उचला' हे वडापावच्या हशानंतर लगेच नको. श्वास घ्या.

पाटी_पेन्सिल

'म्हणाला' चार वेळा आलंय. एखाद्या ठिकाणी 'बोलला' करा.

कानसेन

माझ्या कानाला 'मला असं बोलला' चालत नाही. माणूस माझ्याशी बोलतो आणि मला म्हणतो. गोष्ट सांगताना 'म्हणाला' कितीही वेळा आला तरी ऐकणाऱ्याला खटकत नाही, तो फक्त डोळ्याला खटकतो.

नाखवा_०७

आम्ही सगळे 'बोलला'च बोलतो ताई. निम्मी मुंबई बोलते.

कानसेन

बोलते, ठाऊक आहे मला.

भरतीओहोटी

झालं लग्न. रिपोर्ट देतो.

माईकवाल्याने ऐन वेळी हातात वायरचा माईक दिला, वायर इतकी आखूड की वाऱ्याकडे पाठ करता येईना. हनुवटीखाली धरला, तरी 'फारम'ला एक फटाका वाजलाच. 'दोन्ही खाल्ले'ला कोकणातली बाजू आधी हसली आणि अकोल्याची एका सेकंदाने. ताई, तीन मोजले. दोनवर घाई होत होती. 'आमची राहिलीय'ला काकूंनी पदर डोळ्याला लावला. मला त्यांच्याकडे बघायचं नव्हतं, पण बघितलं गेलं आणि पुढचं वाक्य विसरलो. कागद खिशात होता, पण काढला नाही. सरळ 'वहिनी' म्हणून तिच्याकडे वळलो. तिथून 'आजपासून आपण तिघं' आपोआप आलं. ती हसली आणि म्हणाली, 'मला तिखट चटणी जास्त लागते.' माईक जवळ होता, सगळ्यांना ऐकू गेलं. यानंतर माझ्या शेवटच्या ओळीची गरजच उरली नाही, तरी नावं घेऊन ग्लास उचलला. सोलकढी काठोकाठ भरलेली होती. पांढऱ्या सदऱ्यावर बाहीपासून कोपरापर्यंत गुलाबी ओघळ.

आणि नाखवा, 'मेल्या' मी नाही म्हटलं. पण बंड्या उठून मिठी मारताना माईकवर म्हणाला, 'मेल्या, रडवलंस.' नंतर जेवताना वहिनीच्या आजोबांनी मला बाजूला घेऊन विचारलं, 'तो तुला काय म्हणाला होता मघाशी?'

नाखवा_०७

काय सांगितलंस?

भरतीओहोटी

म्हटलं, मित्रा.

मीठभाकर

चटणीचं ऐकून बरं वाटलं.

तिसरी_घंटा

सोलकढीच्या डागावर लगेच साबण लावू नका, आधी नुसत्या गार पाण्यात धुवा. आणि भजी होती का शेवटी?